प्रकल्प नोंदी: काटा-पावती बंद पडली तो आठवडा

सोमवार, १७ नोव्हेंबर २०२५

सकाळी १०:४७ ला पहिला फोन धरणगावच्या एका जिनिंगमधून आला. काट्यावरचा दादा बोलत होता. "ताई, काटा बंद पडना. गाड्यासनी लाईन लागेल शे." मागे ट्रॅक्टरचा आवाज. मी लगेच आपल्याच ऑफिसातून लॉगिन करून पाहिलं, पान उघडेना. मोबाइलच्या नेटवरून पाहिलं, तरी तेच. तोवर अमळनेरचा आणि चोपड्याचा फोन लागून गेला. १०:५१ ला एवढं पक्कं झालं की दोष एखाद्या जिनिंगच्या नेटचा नाही, आपल्याकडचा आहे आणि सगळ्यांनाच आहे.

ही नोंद पुढे कुणी नवीन माणूस वाचेल म्हणून थोडं मागचं लिहून ठेवते. जळगाव, धुळे, नंदुरबार मिळून ४१ जिनिंग आपली प्रणाली वापरतात. कापसाची गाडी गेटमधून आत आली की आधी भरलेली तोलली जाते, मग ढिगावर रिकामी होते, मग पुन्हा काट्यावर येते. भरलेल्या वजनातून रिकामं वजा केलं की शेतकऱ्याचा कापूस. ही दोन्ही वजनं आपल्या सर्व्हरवर एकाच पावतीत बसतात. म्हणजे प्रणाली मधेच बंद पडली की काही गाड्यांचं पहिलं वजन आत अडकतं आणि दुसरं घ्यायला जागा राहत नाही. भुईकाटा स्वतः चालूच असतो, त्याच्या डब्यावर आकडा दिसतो. बंद असते ती नोंद.

१०:५८ ला पहिला निरोप व्हॉट्सअ‍ॅपवर टाकला. बंद पडण्याचं कारण तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं. अतोनात घाई चालू असताना आमच्या भागीदारांचं म्हणणं पडलं की पाच-दहा मिनिटं थांबू, कारण कळलं की एकदमच सांगू. मी थांबले नाही. काट्यावर उभ्या माणसाला त्या क्षणी कारण नको असतं. त्याला ठरवायचं असतं की राउटर बंद-चालू करत बसू, की कागद-पेन काढू. गेलेला निरोप असा:

"नमस्कार. आज सकाळी १०:४२ पासून काटा-पावती आणि हिशेब दोन्ही बंद आहेत. सगळ्याच जिनिंगना ही अडचण आहे, तुमच्या नेटचा किंवा संगणकाचा दोष नाही. कारण शोधत आहोत. तोवर कागदी पावती करा, क्रमांकाच्या आधी 'का' लिहा: का-१, का-२. भरलेलं आणि रिकामं, दोन्ही वजनं वेळेसकट लिहा. पुढची खबर ११:३० ला देतो, काम झालेलं असो वा नसो."

'का' लावायला सांगितलं कारण प्रणालीचे क्रमांक पुढे चालू झाले की कागदावरचे आणि आतले एकमेकांवर चढतात. दोन वर्षांपूर्वी एका जिनिंगमध्ये एकाच क्रमांकाच्या दोन पावत्या निघाल्या होत्या आणि दोन शेतकऱ्यांचे पैसे आठ दिवस अडकले होते.

"अर्ध्या तासात सांगतो" असं मी मुद्दाम लिहिलं नाही. निरोप कुणी लगेच वाचतो, कुणी गाडी उतरवून झाल्यावर पाऊण तासाने वाचतो. त्याच्यासाठी अर्धा तास कधीपासून धरायचा? घड्याळाची वेळ लिहिली की कधीही वाचला तरी अर्थ तोच राहतो.

११:१० ला कारण सापडलं. डेटाबेसच्या लॉगमध्ये शेवटची ओळ ही होती:

```
PANIC:  could not write to file "pg_wal/xlogtemp.20417": No space left on device
```

डिस्क भरली होती. आपला डेटाबेस पोस्टग्रेसचा आहे, आणि त्यात कुठलाही बदल आधी `pg_wal` या फोल्डरातल्या १६-१६ एमबीच्या फाइलींमध्ये लिहिला जातो. एरवी जुन्या फाइली आपोआप निघतात किंवा पुन्हा वापरल्या जातात. पण आपण रिपोर्टांसाठी दुसरा सर्व्हर जोडलेला आहे, आणि त्याच्या नावाचा एक स्लॉट मुख्य सर्व्हरवर आहे. "या दुसऱ्याने वाचल्याशिवाय एकही फाइल काढू नकोस," असा तो स्लॉट म्हणजे हुकूम असतो. दुसरा सर्व्हर ६ नोव्हेंबरला दुरुस्तीसाठी बंद केला आणि परत चालू करायचा राहून गेला. स्लॉट मात्र तसाच होता. अकरा दिवस मुख्य सर्व्हर फाइली राखत बसला. रोजच्या पाच-साडेपाच जीबीच्या हिशेबाने साठ जीबी मोकळी जागा संपली, आणि ती संपली ती ऐन सोमवारी, भर आवकेच्या वेळी.

इथे आमच्यातला सर्वात तरुण मुलगा म्हणाला की `pg_wal` मधल्या जुन्या फाइली हातानेच उडवू, दोन मिनिटांत चालू होईल. त्याला अडवलं. डेटाबेस असा अचानक पडतो तेव्हा परत उठताना याच फाइली वाचून शेवटचे व्यवहार जागेवर बसवतो. त्यातली नेमकी हवी ती फाइल गेली तर १०:४२ च्या आधीची काही वजनं कायमची जातील, किंवा डेटाबेस उठणारच नाही. ठरलं ते असं: आधी डिस्कची जशीच्या तशी प्रत काढायची, मग डिस्क वाढवायची, मग डेटाबेस चालू करायचा, आणि स्लॉट सगळ्यात शेवटी काढायचा. वेळ लागेल, पण प्रत्येक पायरीवरून मागे येता येईल.

११:३० ला दुसरा निरोप. हा लिहायला मला पहिल्यापेक्षा जास्त वेळ लागला, आणि तो एका वाक्यापायी. भागीदार म्हणाले, "तुमचा डेटा सुरक्षित आहे, असं आधी लिही. लोक घाबरलेत." माझीही तशी खात्री होतीच. पण खात्री असणं आणि पाहिलेलं असणं यात फरक आहे. डेटाबेस अजून उठलेलाही नव्हता. समजा दहा वजनं गेलेली निघाली असती, तर तीन वाजता तेच वाक्य आम्हाला गिळावं लागलं असतं, आणि पुढच्या प्रत्येक निरोपावर लोकांनी अर्धाच विश्वास ठेवला असता. शेवटी असं गेलं:

"सर्व्हरची डिस्क भरल्यामुळे डेटाबेस थांबला आहे. चूक आमची आहे. सध्या डिस्कची प्रत काढत आहोत, मग जागा वाढवू. १०:४२ पर्यंतची वजनं शाबूत असावीत, पण चालू झाल्यावर स्वतः तपासूनच तसं सांगू. चालू कधी होईल ते आत्ता सांगता येत नाही. कागदी पावती चालू ठेवा. पुढची खबर १२:१५ ला."

१२:१५ ला सांगायला नवीन काहीच नव्हतं. प्रत निघतच होती. अशा वेळी हात आखडतो. वाटतं, तेच ते काय पाठवायचं. तरी बरोब्बर १२:१५ ला पाठवलं: "अजून बंदच आहे. प्रत काढण्याचं काम अंदाजापेक्षा हळू चाललं आहे, ते मधे थांबवणं धोक्याचं आहे. बाकी स्थिती ११:३० सारखीच. पुढची खबर १:०० ला."

या निरोपानंतरच्या पाऊण तासात आम्हाला चारच फोन आले. चारही कामाचे होते, कागदी पावती कशी लिहायची ते विचारणारे.

मग आमच्याकडून चूक झाली. १२:४० ला डिस्क वाढली, १२:५२ ला डेटाबेस उठायला लागला. सगळे जण त्या एका खिडकीकडे टक लावून बसले, मी पण. एक वाजून गेला. "आता होईलच, झालं की आनंदाचीच बातमी देऊ," असं म्हणता म्हणता १:२२ झाले. त्या बावीस मिनिटांत फोन थांबेचनात. एरंडोलच्या शेठजींनी शांतपणे विचारलं, "ताई, तुम्ही एकची वेळ दिली होती ना? मी एक वाजेपर्यंत कुणाला फोन करू दिला नाही." त्यांनी आमच्या शब्दावर आपली वीस माणसं थोपवून धरली होती. प्रणाली बंद पडली याचं मला वाईट वाटलं होतंच, पण याचं जास्त वाटलं. डेटाबेस उठो न उठो, "अजून चालू झालेलं नाही, पुढची खबर १:३० ला," एवढं लिहायला एक मिनिट लागलं असतं.

यापुढे ठरलं: दुरुस्ती करणारा माणूस निरोप लिहिणार नाही, आणि निरोप लिहिणारा माणूस दुरुस्तीच्या पडद्याकडे बसणार नाही. त्याच्या मोबाइलवर पुढच्या वेळेच्या पाच मिनिटं आधीचा गजर लावलेला असेल.

१:२२ च्या निरोपात आधी उशिराची माफी मागितली. मग लिहिलं की प्रणाली चालू झाली आहे, नवीन गाड्या प्रणालीत घ्या, पण कागदी पावत्या अजून आत टाकू नका. आम्ही जुन्या नोंदी तपासतो आहोत, २:०० ला सांगतो. "चालू झालं" एवढंच लिहिलं असतं तर लोकांनी लगेच दोन-अडीच तासांचे कागद भरायला घेतले असते, आणि परत थांबवावं लागलं असतं तर कुठलं भरलं, कुठलं नाही याचा मेळ लागला नसता.

तपासणी अशी केली. सात जिनिंगना फोन करून १०:४२ च्या आधी छापलेल्या शेवटच्या तीन-तीन पावत्या वाचून दाखवायला सांगितल्या आणि त्या डेटाबेसशी ताडून पाहिल्या. एकवीसच्या एकवीस जुळल्या. मग स्लॉट काढला:

```
SELECT slot_name, active FROM pg_replication_slots;
SELECT pg_drop_replication_slot('report_srv');
CHECKPOINT;
```

काही क्षणांत `pg_wal` हलकं झालं. २:०० च्या निरोपात तेव्हा कुठे लिहिलं: "१०:४२ पर्यंतची वजनं शाबूत आहेत, सात जिनिंगच्या छापील पावत्यांशी ताडून पाहिली आहेत. आता 'का' पावत्या आत टाका."

राहिल्या त्या अर्धवट गाड्या. पहिलं वजन आत, दुसरं कागदावर, अशा १७ निघाल्या, नऊ जिनिंगमध्ये. यांच्यासाठी सगळ्यांना एक निरोप उपयोगाचा नव्हता. प्रत्येक जिनिंगला फक्त त्यांच्या गाड्यांची यादी पाठवली: गाडी नंबर, आतलं वजन, वेळ, आणि "रिकामं वजन कागदावरून इथे भरा". संध्याकाळी सहापर्यंत १६ मिटल्या. पारोळ्याकडची एक पिकअप उरली, तिच्याबद्दल पुढे लिहीन.

सहाला दिवसाचा शेवटचा निरोप: सगळं चालू, एक गाडी बाकी, काय घडलं आणि आम्ही काय बदललं याचं सविस्तर लेखी पत्र गुरुवारी दुपारी ४:०० पर्यंत.

मंगळवार, १८ नोव्हेंबर

काल कुणाला निरोप मिळाले आणि कुणाला नाही, याची आज फोनवर विचारपूस केली. ४१ पैकी ११ ठिकाणी काट्यावरच्या माणसाला एकही निरोप पोचलेला नव्हता. कारण साधं आहे. व्हॉट्सअ‍ॅपची ब्रॉडकास्ट यादी ज्यांनी आपला नंबर साठवलेला आहे त्यांनाच पोचते. शेठजींच्या फोनमध्ये आपला नंबर आहे, काट्यावरच्या पोराच्या फोनमध्ये नाही. आणि शेठ काल कुणी सुरतला, कुणी लग्नात. शिरपूरच्या काटेवाल्याने तासभर राउटरच बदलून पाहिला. "तुमच्या नेटचा दोष नाही" हे वाक्य मी ज्याच्यासाठी लिहिलं होतं, त्याच्यापर्यंतच ते गेलं नाही.

दुसरी उणीव. प्रणालीत वर एक पिवळी पट्टी आहे, सूचना दाखवायला. ती त्याच सर्व्हरवरून येते. सर्व्हर पडला की पट्टीही पडते. म्हणजे ज्या दिवशी तिचं काम, त्याच दिवशी ती नाही. आज एक साधं पान वेगळ्या कंपनीच्या होस्टिंगवर ठेवलं. त्यात फक्त चार ओळी: काय बंद, केव्हापासून, सध्या काय चाललं आहे, पुढची खबर किती वाजता. त्या पानाचा पत्ता छापून काट्याच्या खिडकीवर चिकटवायला प्रत्येक जिनिंगला देणार.

प्रत्येक जिनिंगकडून दोन नंबर मागायला घेतले, एक शेठ किंवा मुनीमजींचा, दुसरा काट्यावरचा. काट्यावरची माणसं हंगामी असतात, दर वर्षी बदलतात. म्हणून ही यादी दर ऑक्टोबरला, कापूस सुरू व्हायच्या आधी, नव्याने करायची.

बुधवार, १९ नोव्हेंबर

एसएमएसचं काम. साध्या फोनवरही पोचतो आणि नंबर साठवलेला असावा लागत नाही, म्हणून काट्यावरच्या माणसांसाठी हाच बरा. पण व्यावसायिक एसएमएसचा मजकूर डीएलटीवर, म्हणजे टेलिकॉम कंपन्यांच्या नोंदणी पोर्टलवर, आधी नोंदवून मंजूर करून घ्यावा लागतो. सर्व्हर पडल्यावर मजकूर रचायला बसलो तर मंजुरी येईपर्यंत कापूस घरी गेलेला असेल. म्हणून तीन मजकूर आजच पाठवले: बंद पडल्याचा, अजून बंद असल्याचा, आणि चालू झाल्याचा. वेळेच्या जागा तेवढ्या रिकाम्या.

देवनागरीतल्या एका एसएमएसमध्ये ७० अक्षरं मावतात, आणि त्यात काना, मात्रा, अनुस्वार सगळे वेगवेगळे मोजले जातात. "काटा" म्हणजे चार. मजकूर लांबला की त्याचे तुकडे होतात आणि खर्चही वाढतो. तासभर खोडाखोड करून पहिला मजकूर इथवर आणला:

"काटा-पावती १०:४२ पासून बंद. कागदी पावती करा. पुढची खबर ११:३०."

मोकळ्या जागांसकट ६१ झाली. उरलेल्या नऊत आपलं नाव बसवायचं. "तुमच्या नेटचा दोष नाही" काढताना जीवावर आलं, पण कागदी पावतीची सूचना काढणं त्याहून वाईट झालं असतं. "तसदीबद्दल क्षमस्व" हे सगळ्यात आधी गेलं. माफी सविस्तर पत्रात मागायची, सत्तर अक्षरांत नाही.

गुरुवार, २० नोव्हेंबर

दुपारी ३:४० ला पत्र गेलं. एक पान. त्यावरून सकाळी भागीदारांशी बराच वेळ बोलणं झालं. "तांत्रिक कारणामुळे सेवा खंडित झाली" एवढं पुरे, असं त्यांचं मत होतं. स्लॉट-बिट कुणाला कळणार? मी म्हटलं, जिनिंगवाल्याला स्लॉट कळायची गरज नाही, पण राखण ठेवलेला माणूस झोपला तर काय होतं हे त्याला आपल्यापेक्षा जास्त कळतं. पत्रात लिहिलं की रिपोर्टांचा सर्व्हर ६ तारखेला बंद करून चालू करायचा राहिला, त्यामुळे मुख्य सर्व्हर जुन्या फाइली साठवत गेला. जागा कमी पडल्याचा इशारा ईमेलने येत होता, पण तो नोकरी सोडून गेलेल्या सहकाऱ्याच्या पत्त्यावर जात होता, आणि तो पत्ता कुणी उघडत नव्हतं. हे वाक्य लिहायला मला जड गेलं. पण एवढे दिवस कुणालाच कसं कळलं नाही, हा प्रश्न वाचणारा विचारणारच, आणि पत्रात त्याचं उत्तर नसेल तर फोनवर द्यावं लागेल.

बदल काय केले तेही लिहिलं. इशारा आता तीन जणांच्या फोनवर एसएमएसने येतो. आणि स्लॉटला मर्यादा घातली:

```
max_slot_wal_keep_size = 20GB
```

पोस्टग्रेस १३ पासून ही सोय आहे. मुळात ती अमर्याद असते, आणि आपण ती तशीच ठेवली होती. आता दुसरा सर्व्हर मागे पडला तर वीस जीबीनंतर मुख्य सर्व्हर त्याची वाट पाहणं सोडून देईल. याची एक किंमत आहे, तीही पत्रात सांगितली: तसं झालं तर दुसरा सर्व्हर नव्याने उभारावा लागेल आणि रिपोर्ट काही तास मिळणार नाहीत. काटा मात्र यामुळे थांबणार नाही. वजनकाटा आणि रिपोर्ट यातलं एक थांबवायचं झालं तर काय थांबवावं, हे आम्ही ग्राहकांना विचारायचीही गरज नव्हती.

"पुन्हा कधीच होणार नाही" असं लिहिलं नाही. डिस्क भरायची दुसरीही कारणं असतात.

शनिवार, २२ नोव्हेंबर

राहिलेली पिकअप. सोमवारी १०:३६ ला भरलेलं वजन आत गेलं होतं, ३,०६० किलो. रिकामं वजन कागदावर. मुनीमजींनी कागदाचा फोटो पाठवला होता. शेवटचे दोन आकडे "१०" की "९०" ते कळेना. घाईत लिहिलेला १ आणि ९ सारखेच दिसतात. १,७१० धरलं तर कापूस १३ क्विंटल ५० किलो, १,७९० धरलं तर १२ क्विंटल ७०. फरक ऐंशी किलोचा, आजच्या भावाने पाच हजारांच्या वर.

मुनीमजी म्हणाले, मधलं काहीतरी धरून मिटवून टाका. ते बरोबर नव्हतं. त्या गाडीचे आधीचे फेरे काढले. याच हंगामात ती तीनदा आलेली आहे, रिकामं वजन १,७०५, १,७१५ आणि १,७१०. तरी अंदाजावर पावती बंद करायला नको वाटलं. गाडी शनिवारी परत येणार असं शेतकरी आप्पांनी सांगितलं होतं, म्हणून मंगळवारीच त्यांना आणि मुनीमजींना दोघांनाही कळवलं होतं की शनिवारी रिकामी गाडी पुन्हा तोलू आणि संध्याकाळी ५:०० ला पक्कं सांगू.

आज दुपारी गाडी आली. रिकामी तोलली, १,७१०. ४:५० ला पावती पूर्ण केली, १३ क्विंटल ५० किलो, आणि पाचला दोघांना निरोप टाकला. सोमवारच्या यादीत आता एकही गाडी उघडी नाही.